सूरह बकरा, आयत 187 : ‘पांढरा धागा, काळा धागा’ मराठीत कसा आणायचा?

विजापूरवेस
मराठी माध्यमातल्या मुलांसाठी रमजानची छोटी पुस्तिका करतोय. रोज्यांच्या आयती, सूरह बकरा 183 ते 187, एवढाच मजकूर. 187 मधल्या एका तुकड्यावर गाडी अडली आहे. अरबी असं:

व कुलू वश्रबू हत्ता यतबय्यन लकुमुल खैतुल अब्यदु मिनल खैतिल अस्वदि मिनल फज्र, सुम्म अतिम्मुस सियाम इलल लैल.

दोन मसुदे झालेत.

पहिला: “आणि खा, प्या, जोपर्यंत पांढरा धागा काळ्या धाग्यापासून पहाटेपासून तुम्हाला स्पष्ट होत नाही. मग रात्रीपर्यंत रोजे पूर्ण करा.”

दुसरा: “रात्रीचा अंधार जाऊन पहाटेचा उजेड दिसू लागेपर्यंत खाऊ-पिऊ शकता. मग सूर्य मावळेपर्यंत रोजा पूर्ण करा.”

पहिला वाचला की मुलं नुसती तोंडाकडं बघतात. दुसरा लगेच कळतो, पण त्यात धागाच राहिला नाही. काय ठेवू? की पहिलाच ठेवून मध्ये कंस टाकू?

नईजिंदगी_७
सहरीची वेळ पुस्तिकेत टाकणार असाल तर सोलापूरचीच टाका. मुंबईचं वेळापत्रक इकडं चालत नाही, आपल्याकडं सूर्य आधी उगवतो. सगळे महिनाभर तेच पाठवत बसतात.

विजापूरवेस
वेळापत्रक वेगळं छापणार आहोत भाई. इथं प्रश्न आयतीच्या भाषांतराचा आहे.

दर्सवाले
पहिल्या मसुद्यातली खरी चूक धाग्यात नाहीच, ‘पहाटेपासून’मध्ये आहे. या वाक्यात ‘मिन’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याचं काम वेगळं आहे. तुम्ही दोन्हीकडं ‘पासून’ लावला, म्हणून वाक्य गुंतलं.

पहिला ‘मिन’ हा ‘यतबय्यन’ला जोडलेला आहे, एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखू येणं. तिथं ‘पासून’ बरोबर बसतो. दुसरा ‘मिनल फज्र’ हा धागा कसला ते सांगतो. कुरआनचे भाष्यकार जमखशरींनी यावर नेमकं बोट ठेवलंय: नुसता पांढरा धागा म्हटलं असतं तर ते रूपक राहिलं असतं, ‘मिनल फज्र’ आल्यावर ती उघड उपमा झाली, कारण जिला धागा म्हटलं ती वस्तूच आता शब्दांत आली. म्हणून मराठीत तिथं षष्ठी हवी, ‘पहाटेचा’.

फौजदारचावडी
पण ‘मिन’चा पहिला अर्थ ‘पासून’च शिकवतात ना? ‘मक्केपासून मदीनेपर्यंत’ वगैरे. मग ‘पहाटेपासून’ म्हणजे पहाट झाल्यापासून खाणं बंद, असा अर्थ निघतोच की. शाब्दिकही आणि बरोबरही.

दर्सवाले
निष्कर्ष बरोबर, वाट चुकीची. सुरुवात दाखवणारा ‘मिन’ असतोच, पण त्याला इथं एखादं क्रियापद लागेल, ‘पहाटेपासून थांबा’ असं. आयतीत तिथं थांबण्याचं क्रियापदच नाही. आधीचं क्रियापद खाण्या-पिण्याचं. त्याला ‘पहाटेपासून’ जोडलं तर ‘पहाटेपासून खा’ असा उलटाच अर्थ होईल. आणि ‘स्पष्ट होणे’ला जोडलं तर ‘पहाटेपासून स्पष्ट होऊ लागेपर्यंत’ असं लांबतं, म्हणजे पहाट झाल्यावरही थोडा वेळ खायला मोकळीक.

मराठीच्या_बाई
मला अरबी येत नाही, फक्त मराठी वाक्याबद्दल बोलते. पहिल्या मसुद्यात ‘जोपर्यंत… होत नाही’ आहे. अरबीत तिथं नकार आहे का?

दर्सवाले
नाही बाई. ‘हत्ता यतबय्यन’ होकारार्थीच आहे, ‘स्पष्ट होईपर्यंत’.

मराठीच्या_बाई
मग तसंच ठेवा. ‘जोपर्यंत – नाही’ ही रचना मराठीत अगदी रुळलेली आहे, पण छपाईत धोक्याची. मुद्रितशोधनात किंवा ओळ तुटताना एक ‘नाही’ गळला आणि पुढं कुणी ‘होत’चं ‘होतो’ केलं की ‘जोपर्यंत पांढरा धागा स्पष्ट होतो तोपर्यंत खा’ असं वाक्य उरतं, म्हणजे आज्ञेच्या बरोबर उलट. आणि ते वाक्य व्याकरणात बसतं, त्यामुळं तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतं. ‘दिसेपर्यंत’ लिहिलं तर गळायला काही उरतच नाही.

‘स्पष्ट होणे’ही जरा पुस्तकी वाटतं. धागा स्पष्ट होत नाही हो, दिसतो किंवा ओळखू येतो.

दर्सवाले
‘दिसणे’ थोडं कमी पडतं. ‘तबय्यन’मध्ये शंका उरू नये इतकं उघड होणं आहे. ‘स्पष्ट वेगळा दिसेपर्यंत’ म्हटलं तर दोन्ही सांभाळलं जाईल.

आणि ‘लकुम’, म्हणजे ‘तुम्हाला’, तो कुणीही गाळू नका. विजापूरवेस यांच्या दुसऱ्या मसुद्यात तो गेलाय. वाचायला किरकोळ वाटतो, पण त्यावर मसला, म्हणजे धर्मनियमाचा मुद्दा, उभा आहे. मर्यादा ‘पहाट होईपर्यंत’ अशी नाही, ‘पहाट तुम्हाला उघड होईपर्यंत’ अशी आहे. पहाट झाली की नाही याची शंका असेल तर खात्री होईपर्यंत खायला हरकत नाही, असं पैगंबरांचे सहाबी इब्ने अब्बास यांच्याकडून आलेलं मत याच शब्दांवर टेकलेलं आहे. सुबोध करण्याच्या नादात भाषांतरकार ‘तुम्हाला’ खातो, आणि पुढं टीपेत हे मत दिलं तर वाचक विचारतो, हे आयतीत कुठं आहे?

पूर्वभाग_लूम
शब्दाबद्दल बोलू का? आमच्याकडं सूत म्हणजे कोनावरचं, मागावर चढणारं. दोरा म्हणजे शिवायचा. धागा दोन्हीला चालतो. अरबीत नक्की कुठला आहे?

दर्सवाले
‘खैत’. शिंपी म्हणजे ‘खय्यात’ त्याच धातूतला. त्या हिशेबानं दोरा जवळचा.

पूर्वभाग_लूम
मग दोरा नकोच. ‘काळा दोरा’ म्हटलं की पोराच्या पायातला नजरेचा दोरा डोळ्यापुढं येतो. मुलं पहिलं तेच विचारतील.

विजापूरवेस
हे खरंच लक्षात आलं नव्हतं. त्यात हदीसमध्ये लोकांनी पायाला धागे बांधल्याचा उल्लेख आहे. तिथं ‘काळा दोरा’ छापला तर नजर उतरवण्याचाच प्रकार वाटायचा.

फौजदारचावडी
ती हदीस टीपेत द्याच. अदी बिन हातिम यांनी पायाला काळा-पांढरा धागा बांधला, दिसेपर्यंत खात राहिले, मग ‘मिनल फज्र’ हे शब्द उतरले.

दर्सवाले
दोन रिवायती, म्हणजे दोघांनी सांगितलेल्या वेगवेगळ्या हकिकती, एकत्र झाल्या, भाई. त्या वेगळ्या ठेवा.

सहल बिन सअद यांच्या रिवायतीत लोक पायाला पांढरा आणि काळा धागा बांधत, दोन्ही वेगळे दिसेपर्यंत खात, आणि मग ‘मिनल फज्र’ हे शब्द उतरले. अदी बिन हातिम यांच्या रिवायतीत त्यांनी उशीखाली दोन दोऱ्या ठेवल्या, एक काळी, एक पांढरी. या उंटाचा पाय बांधायच्या दोऱ्या होत्या, शिवायचे धागे नव्हेत. रात्री बघत राहिले, काही वेगळं दिसेना. सकाळी पैगंबरांना सांगितलं, तर उत्तर मिळालं की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. आणखी एका पाठात ‘मग तुमची उशी बरीच रुंद दिसते’ असं हसून म्हटल्याचं येतं, म्हणजे दोन्ही क्षितिजं खाली मावावीत इतकी.

दोन्ही बुखारीत आहेत, पण एका काळातल्या नाहीत. रोजे फर्ज झाले हिजरी 2 मध्ये, अदी मुसलमान झाले हिजरी 9 च्या सुमारास. म्हणजे अदींच्या कानावर आयत आली तेव्हा ‘मिनल फज्र’ त्यात होतंच, तरी त्यांनी धागा खराच धरला. भाषांतरकारानं यातून एक गोष्ट घ्यावी: मूळ शब्द पुरे असतानाही अरबी जाणणारा माणूस अडला, तर मराठी वाचक अडणारच. त्याचा इलाज टीपेत आहे. पैगंबरांनी आयतीचे शब्द बदलले नाहीत, बाजूला अर्थ सांगितला.

मराठीच्या_बाई
मग दुसरा मसुदा बाद का? पैगंबरांनी सांगितलेलाच अर्थ त्यात लिहिलाय.

दर्सवाले
तोच अर्थ आहे, म्हणून तर मोह होतो. पण तो मसुदा आयतीच्या जागी छापला की हदीसचं वाक्य कुरआनच्या तोंडी जातं. आणि एक नुकसान लगेच होतं: वर दिलेल्या दोन्ही हदीस निराधार होतात. मुलांनी आयतीत ‘उजेड’ वाचला आणि टीपेत कुणी उशीखाली दोऱ्या ठेवतोय, तर त्यांना कळणार नाही, त्या माणसाची चूक झाली कशी. उजेड शब्द असता तर झालीच नसती.

दुसरं, धाग्यात एक माहिती आहे जी ‘उजेड’मध्ये नाही: आकार. खोटी पहाट आधी येते, ती उभी असते, क्षितिजावरून वर निमुळती जाते. अरबीत तिला लांडग्याचं शेपूट म्हणतात. ती विरते, मग खरी पहाट येते ती आडवी, पूर्वेला क्षितिजालगत या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरणारी बारीक पांढरी रेघ, वर अजून काळं. तोच धागा. ‘पहाटेचा उजेड’ म्हटलं की खोट्या पहाटेचाही उजेडच.

पूर्वभाग_लूम
म्हणजे साडीच्या काठासारखं. काळ्या अंगाला खाली पांढरी काठाची एक रेघ. शहरात दिव्यांमुळं दिसायची नाही, हैदराबाद रोडला बाहेर गेलं तर दिसेल.

फौजदारचावडी
उर्दूत काही भाषांतरांत ‘धारी’ आहे. मराठीत ‘पांढरी रेघ काळ्या रेघेपासून’ करा की. शब्दही राहिला, अर्थही कळला.

विजापूरवेस
हे आवडलं.

दर्सवाले
मला अर्धं पटतं. ‘रेघ’नं चित्र लगेच कळतं, पण ती निम्मा तर्जुमा, निम्मी तफसीर, म्हणजे अर्थाचं विवरण, आहे. अदींनी उशीखाली रेघा ठेवल्या का? हदीस द्यायची असेल तर आयतीत धागाच लागेल. हदीस देणार नसाल तर ‘रेघ’ चालवून घेता येईल.

मराठीच्या_बाई
‘पहाट’वर कुणी बोललं नाही. मराठीत पहाट फार लवकर सुरू होते. ‘पहाटे तीनची गाडी’ आपण सर्रास म्हणतो, तेव्हा मिट्ट काळोख असतो. ‘उजाडेपर्यंत’ म्हणाल तर फार उशीर, रस्ता, घरं सगळं दिसायला लागतं. ‘तांबडं फुटलं’ त्याच्याही आसपास, आणि रंग वेगळा. जवळचा शब्द ‘झुंजुमुंजु’, पण तो आयतीत नीट बसायचा नाही.

विजापूरवेस
‘फजर’च ठेवला तर?

दर्सवाले
आपल्या मुलांना फजर म्हणजे नमाज. आणि फजरच्या नमाजेची वेळ सूर्य उगवेपर्यंत असते. ‘फजरचा धागा’ वाचून एखादा म्हणेल, जमातच्या नमाजेला अजून वेळ आहे, तोवर पाणी पिऊ. सोलापुरात खरी पहाट आणि सूर्योदय यांत साधारण सव्वा तासाचं अंतर पडतं, म्हणजे चूक बारीक नाही. आयतीत ‘पहाटेचा’ ठेवा, आणि ही पहाट म्हणजे सुबह-ए-सादिक, वर सांगितलेली खरी पहाट, हे टीपेत एका वाक्यात सांगा. तीन वाजताची पहाट कुणी समजलाच तर त्याचा रोजा बिघडत नाही, फक्त सहरी लवकर आटपते. उजाडल्याची चूक मात्र रोजा घालवते. दोन्ही शब्द थोडे हुकणारे असतील तर ज्यानं वाचकाचं कमी नुकसान होईल तो घ्यावा.

नईजिंदगी_७
म्हणून म्हणतोय वेळापत्रक बघा. धागा कोण बघतंय आता?

दर्सवाले
वेळापत्रकातली वेळ त्या धाग्याचाच हिशेब आहे. सूर्य क्षितिजाच्या 18 अंश खाली असताना रेघ दिसते असं धरून बहुतेक तक्ते काढतात. काही जण 15 अंश धरतात, त्यांची वेळ बारा-तेरा मिनिटांनी पुढं जाते. दोन तक्ते जुळत नाहीत त्याचं एक कारण हे. हेही टीपेत जाऊ शकेल, पण मुलांच्या पुस्तिकेत नको.

डीटीपी_रेल्वेलाइन्स
आमच्याकडं अशी कामं येतात, तर कंसांबद्दल सांगतो. भाषांतरात कंस घातले की वाचणारा मोठ्यानं वाचताना कंस वाचत नाही, आतले शब्द मात्र वाचतो. ऐकणाऱ्याला सगळीच आयत वाटते. शिवाय दुसऱ्या आवृत्तीत टायपिंग करणारा कंस गाळतो. वेगळ्या रंगात किंवा तिरक्या अक्षरात छापा म्हणाल, तर झेरॉक्सला रंग जातो आणि देवनागरीत तिरकं अक्षर ओळखू येत नाही. तळटीपच बरी. आकडा आयतीच्या शेवटी, मध्ये नको.

अरबी ओळ जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका. जेर-जबर ही स्वरचिन्हं सरकतात आणि मराठी ओळीत मिसळलं की शब्दांचा क्रम उलटतो. अरबी स्वतंत्र ओळीत, युनिकोडमध्ये घ्या, आणि छापायच्या आधी अंतिम पान हाफिजांकडून वाचून घ्या. पडद्यावर बरोबर दिसलेलं फिल्मवर तसंच उतरेल याची खात्री नसते.

विजापूरवेस
आतापर्यंतचं जुळवून असं लिहिलंय:

“आणि खा व प्या, पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून तुम्हाला स्पष्ट वेगळा दिसेपर्यंत. मग रोजा रात्रीपर्यंत पूर्ण करा.”

टीप: “पांढरा धागा म्हणजे पहाटेच्या वेळी पूर्वेला क्षितिजावर आडवी पसरणारी उजेडाची बारीक रेघ (सुबह-ए-सादिक), काळा धागा म्हणजे रात्रीचा अंधार. हा अर्थ पैगंबर (स.) यांनी अदी बिन हातिम यांना सांगितला. ही रेघ उघड होईपर्यंत सहरी करता येते.”

दर्सवाले
टीप चांगली झाली, पण त्यातला एक शब्द हलवा. रेघ ‘आडवी पसरणारी’ हे अदींच्या हदीसमध्ये नाही, दुसऱ्या हदीसमधून घेतलंय. तुमच्या रचनेत सगळंच अदींना सांगितल्यासारखं वाचलं जातं. ‘हा अर्थ सांगितला’ हे वाक्य रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड एवढ्यालाच चिकटवा आणि आडव्या रेघेचं वाक्य त्याच्यानंतर घ्या.

आयतीत ‘पहाटेचा’ पुढं आणलात. अरबीत तो शेवटी येतो. आधी धागे ऐकू येतात, ते कसले ते मागून कळतं. सहल यांची रिवायत सांगायची असेल तर तो क्रम कामाचा आहे.

मराठीच्या_बाई
“…तुम्हाला स्पष्ट वेगळा दिसेपर्यंत, पहाटेचा.” बोलताना आपण असं म्हणतोच, “दे ना ती, पितळेची.” पण मुलांच्या पुस्तकात ते टायपिंगची चूक वाटेल. मी पुढंच ठेवीन.

दर्सवाले
मी शेवटी ठेवीन. दोन्ही चालण्यासारखं आहे.

पूर्वभाग_लूम
‘खा व प्या’ ही आज्ञा वाटते. सहरी सक्तीची आहे का?

दर्सवाले
नाही, परवानगी आहे. आधी रात्री झोप लागली की पुढं खाणं बंद असा नियम होता, तो या आयतीनं उठला. मनाई उठवणारी आज्ञा म्हणजे मोकळीक. पण ‘खाऊ शकता’ लिहू नका. मराठीतही ‘बसा’, ‘घ्या’ म्हटल्यावर कुणी हुकूम समजत नाही.

फौजदारचावडी
‘रोजा’ऐवजी ‘उपवास’ का नको? शुद्ध मराठी झालं असतं.

मराठीच्या_बाई
उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, पाणी चालतं, चहा तर लागतोच. आयतीत ‘प्या’सुद्धा मुद्दाम म्हटलंय. ‘उपवास’ लिहिलात की पाण्याची टीप वेगळी द्यावी लागेल.

विजापूरवेस
शेवटचा प्रश्न ‘रात्रीपर्यंत’चा. मुलं विचारणार, रात्र तर आठला होते, मग इफ्तार सातच्या आत कशी?

दर्सवाले
‘लैल’ सूर्य मावळल्यापासून सुरू होते, हिजरी तारीखही तेव्हाच बदलते. आयतीत ‘रात्रीपर्यंत’ राहू दे आणि टीपेत ‘रात्र सूर्यास्तापासून धरतात’ एवढं लिहा. आयतीतच ‘सूर्यास्तापर्यंत’ घातलंत तर शिया वाचक हरकत घेईल, आणि त्याची हरकत रास्त असेल. ते पूर्वेची लाली जाईपर्यंत थांबतात, आणि त्यांचाही आधार हाच ‘इलल लैल’ आहे. शब्द ‘रात्र’ ठेवला तर पुस्तिका दोघांनाही देता येईल, फक्त टीप वेगळी लागेल.

विजापूरवेस
एकाच पुस्तिकेत दोन टीपा?

फौजदारचावडी
मुलांना गोंधळात टाकू नका. एकच द्या.

दर्सवाले
पुस्तिका कुणाच्या हातात जाणार आहे, ते आधी ठरवा. एकाच मदरशात वाटणार असाल तर एक टीप पुरे. शाळेत वाटणार असाल तर दोन्ही द्याव्या लागतील.

विजापूरवेस
शाळेत. एका ओळीत दोन्ही बसतात का बघतो. तोवर आयत आणि पहिली टीप तरी नक्की करतो. अरबी न येणाऱ्या दोन-तीन मुलांना हा मसुदा देऊन एवढंच विचारणार आहे: खाणं कधी थांबवायचं आणि हे तुला आयतीतून कळलं की टीपेतून?

नईजिंदगी_७
वेळापत्रकात 18 अंशवालं घेताय की 15? ते तरी सांगा.